कॅमेरा कोणी धरला होता?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही एक व्हिडिओ केला होता. आम्ही म्हणजे माझा एक वर्गमित्र आणि मी. व्हिडिओचं नाव 'चोवीस तास एकटा'. पेडणे तालुक्यातल्या केरीला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ आणि वरच्या काजूच्या डोंगरावर तो शनिवारी संध्याकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत एकटा राहिला, हातात फक्त कोयता आणि खिशात लायटर, असं त्यात दाखवलं होतं. कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. कँटीनमध्ये लोक त्याला 'गोंयचो बेअर ग्रिल्स' म्हणू लागले. मला कोणीच काही म्हटलं नाही, कारण मी व्हिडिओत नव्हतोच. मी कॅमेरा धरला होता.

हा लेख त्या व्हिडिओबद्दल आहे आणि ज्या कार्यक्रमांची आम्ही नक्कल केली त्यांच्याबद्दलही. 'हे सगळं खोटं असतं' एवढं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही आणि त्याचा कोणाला उपयोगही नाही. दावा नेमका काय होता, तो तपासायचा कसा, आणि जे लपवलं जातं त्याने कोणाचं काय बिघडतं, हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

आधी ज्याच्यामुळे आपण सगळे या नादाला लागलो त्याच्याकडे जाऊ. बेअर ग्रिल्सचा कार्यक्रम 2006 मध्ये सुरू झाला. अमेरिकेत आणि आपल्याकडे डिस्कव्हरीवर त्याचं नाव 'मॅन व्हर्सेस वाइल्ड', ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर 'बॉर्न सर्व्हायव्हर'. प्रत्येक भागाची मांडणी साधारण एकच. तो हेलिकॉप्टरमधून उतरतो, आपण इथे अडकलोय असं समजा म्हणतो, आणि मग धावत, पोहत, उड्या मारत माणसांच्या वस्तीकडे निघतो. वाटेत किडे खातो, हत्तीच्या शेणातून पाणी पिळून पितो, कधी स्वतःची लघवी पितो. आपल्याला आठवतं ते नेमकं हेच.

जुलै 2007 मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने या कार्यक्रमाचा पडदा थोडा बाजूला केला. माहिती देणारा होता मार्क वाइनर्ट, कार्यक्रमासाठीच सल्लागार म्हणून काम केलेला माणूस. बातमीत आलं ते असं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत चित्रीकरण चालू असताना ग्रिल्स काही रात्री हॉटेलात झोपला होता. तिथे त्याने 'रानटी' घोडे पकडण्याचा प्रसंग होता, पण ते घोडे ट्रेलरमधून आणले होते. हवाईमध्ये निर्जन बेट म्हणून दाखवलेली जागा तशी नव्हती, आणि तिथल्या काही रात्रीही मोटेलात गेल्या. तिथे त्याने बांधलेला तराफा आधी टीमने बांधून पाहिला होता. मग तो सुटा केला, म्हणजे कॅमेऱ्यासमोर त्याला बांधता यावा.

चॅनल फोरने उत्तर दिलं, की हा कार्यक्रम म्हणजे माहितीपट नव्हे, जगण्याची तंत्रं दाखवणारा मार्गदर्शक कार्यक्रम आहे. पुढे भागांमध्ये सुधारणा झाल्या आणि सुरुवातीला पाटी येऊ लागली, की जिवाला धोका असेल तेव्हा ग्रिल्सला आणि टीमला मदत मिळते आणि काही प्रसंग तंत्र दाखवता यावं म्हणून मुद्दाम उभे केलेले असतात.

आता नीट पाहा. या सगळ्यात ग्रिल्स भित्रा ठरतो का? नाही. तो ब्रिटिश लष्कराच्या एसएएस राखीव दलात होता, पॅराशूटच्या अपघातात त्याच्या पाठीचे मणके मोडले, आणि त्यानंतर 1998 मध्ये तेविसाव्या वर्षी तो एव्हरेस्ट चढला. माणूस खरा आहे. त्या प्रसंगांतल्या उड्याही खऱ्या असतात. खोटा ठरला तो फक्त एक न बोललेला दावा: 'मी इथे एकटा आहे.' हे वाक्य त्याने उच्चारण्याचीही गरज नव्हती. चित्रच तसं घेतलं होतं, आणि बाकीचं आपण मनात पूर्ण केलं.

म्हणून असा कार्यक्रम बघताना पहिला प्रश्न विचारायचा तो कॅमेऱ्याचा. माणूस उंच कड्यावरून दोर धरून उतरतोय आणि चित्र खालून दिसतंय, म्हणजे कोणीतरी आधीच खाली पोचलंय. तो नदीत उडी मारतो आणि चित्र पलीकडच्या काठावरून आहे, म्हणजे कोणीतरी आधी नदी पार केलीय, बहुधा सुखरूप वाटेने. तो 'एकटा' दूर चालत जातो आणि कॅमेरा मागे राहतो, तर तो कॅमेरा उचलायला परत कोण आलं?

कॅनडाच्या लेस स्ट्राउडचा 'सर्व्हायव्हरमॅन' हा कार्यक्रम या प्रश्नाला खरं उत्तर देतो. तो सात दिवस रानात राहायचा तेव्हा कॅमेरे स्वतः वाहायचा. वीसेक किलोचं ते ओझं. दूर चालत जाण्याचं दृश्य हवं असेल तर तो कॅमेरा रोवायचा, चालत जायचा, परत यायचा, कॅमेरा उचलायचा आणि पुन्हा तीच वाट चालायचा. म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या एका वाटेसाठी तिप्पट चाल, तीही उपाशीपोटी. आणि त्याने मदतीची सोय लपवली नाही. टीम काही मैलांवर आहे, जवळ सॅटेलाइट फोन आहे, हे तो सांगायचा. त्याचे भाग तुलनेने कंटाळवाणे वाटतात. तो बसून राहतो, आसरा बांधतो, लाकडं गोळा करतो, आग पेटत नाही म्हणून चिडतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गप्प होतो.

पण हा कंटाळाच खरा असतो. वाट चुकलेल्या माणसाला शोधपथकं पहिली गोष्ट सांगतात ती ही, की आहे तिथेच थांब. तू हललास की तुला शोधायची जागा वाढत जाते. ग्रिल्सची पद्धत याच्या उलट, सतत पुढे जाण्याची, कारण थांबलेल्या माणसाचा पाऊण तासाचा कार्यक्रम होत नाही. लघवी पिण्याचंही तसंच. लघवीत मीठ आणि शरीराने टाकलेली घाण असते. ती बाहेर काढायला शरीराला आणखी पाणी खर्चावं लागतं. अमेरिकन लष्कराच्या जगण्याच्या पुस्तिकेत काय पिऊ नये याच्या यादीत समुद्राच्या पाण्याबरोबर लघवीही आहे. म्हणजे सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट नेमकी करू नये अशी निघाली.

ग्रिल्स पुढे आपल्याकडेही आला. 12 ऑगस्ट 2019 ला कॉर्बेटच्या रानातला पंतप्रधानांबरोबरचा भाग दाखवला गेला. तेव्हा प्रेक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला. पंतप्रधान हिंदीत बोलतात, ग्रिल्स इंग्रजीत, मग रानाच्या मधोमध दोघांना एकमेकांचं कळतं कसं? प्रश्न चेष्टेत विचारला गेला, पण तो अगदी योग्य होता. त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये उत्तर मिळालं, की ग्रिल्सच्या कानात एक बिनतारी यंत्र होतं आणि हिंदीचं लगेच इंग्रजी होऊन त्याला ऐकू जात होतं. म्हणजे चित्रात दोन माणसं दिसत होती, पण संभाषणात न दिसणारा तिसराही होता. हे कळल्याने कोणाचं काही बिघडलं नाही. उलट एक शंका मिटली.

जानेवारी 2020 मध्ये रजनीकांत आणि अक्षय कुमार यांच्याबरोबरचं चित्रीकरण कर्नाटकातल्या बंदीपूरला झालं. तेव्हाच्या बातम्यांत वनखात्याच्या परवानगीचा तपशील होता. ठरावीक दिवस, ठरावीक विभाग, आणि दिवसाला सहा तास. ही माझ्या मते तपासणीची दुसरी किल्ली. आपल्या देशात अभयारण्यात परवानगीशिवाय जाताच येत नाही, मग तिथे चित्रीकरण ही तर लांबचीच गोष्ट. म्हणून रानातल्या कुठल्याही मोठ्या कार्यक्रमामागे एक कागद असतो, आणि त्या कागदावर तास लिहिलेले असतात. पडद्यावर रात्र दिसली तरी कागदावर संध्याकाळी बाहेर पडायचं असू शकतं.

पण कागदावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दाखवलं. ते टीव्हीचं नव्हतं, पण 'आव्हान खरंच पूर्ण केलं का' हे तपासण्याचं आपल्या भाषेतल्या लोकांनी घालून दिलेलं ते मोठं उदाहरण आहे. पुणे पोलीस दलात शिपाई असलेल्या एका दांपत्याने 23 मे 2016 ला एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. शिखरावरचे फोटो होते. नेपाळच्या पर्यटन खात्याने प्रमाणपत्रही दिलं. कागद पूर्ण होता.

शंका घेतली ती गिर्यारोहकांनी. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली वेळ. त्या दोघांना बेस कॅम्पवर पाहिल्याचे दिवस आणि शिखरावर पोचल्याचा दिवस यांत इतकी उंची चढायला, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला पुरेसा अवधीच नव्हता. दुसरी कपडे. चढाईच्या वेगवेगळ्या फोटोंत अंगावरचे कपडे आणि पायातले बूट वेगळे होते. आठ हजार मीटरवर कोणी कपड्यांचा दुसरा जोड नेत नाही. तिथे एकेक ग्रॅम मोजून नेतात. मग सत्यरूप सिद्धांत हा गिर्यारोहक पुढे आला. तो 21 मे ला शिखरावर पोचला होता, आणि तो म्हणाला की हे फोटो माझे आहेत, माझ्या फोटोवर यांचे झेंडे आणि चेहरे बसवलेत. नेपाळने चौकशी केली, ऑगस्ट 2016 मध्ये प्रमाणपत्र रद्द केलं आणि दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. पुढच्या वर्षी पोलीस दलानेही त्यांना बडतर्फ केलं.

या प्रकरणात मला एक गोष्ट फार शिकण्यासारखी वाटते. फसवणूक उघडी पडली ती कुठल्या भारी यंत्राने नव्हे. ती उघडी पाडली त्याच वाटेने चालून आलेल्या माणसांनी. त्यांना ठाऊक होतं की त्या ठिकाणी त्या वेळी काय शक्य असतं आणि काय नसतं. दावा तपासायचा तर दावा करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू नये. त्या जागेला ओळखणाऱ्या माणसाला विचारावं.

आणि इथे माझ्या मामाची गोष्ट येते.

आमच्या व्हिडिओचं खरं सांगतो. शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही डोंगरावर गेलो. साडेदहापर्यंत आसरा, आग, 'रानातली रात्र' असं सगळं चित्रित केलं. मग डास चावायला लागले आणि आम्ही मामाच्या घरी जाऊन जेवून झोपलो. घर दहा मिनिटांच्या अंतरावर. रविवारी साडेअकराला परत खाली नदीच्या मुखाशी गेलो आणि संध्याकाळपर्यंत बाकीचं उरकलं. एकूण अकरा तास. शिवाय स्कूटर, चार लिटर पाणी आणि मी. व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं. रविवारी दुपारी वाळूत तिसऱ्या काढल्या, त्या दृश्यावर मित्राने लिहिलं 'सकाळ, 7 वाजता. न्याहारी'. शनिवारी रात्री दहाच्या सुमारास घेतलेल्या चंद्राच्या चित्रावर लिहिलं 'पहाटे 4. झोप नाही'. मला ते तेव्हा फार मोठं खोटं वाटलं नाही. गंमत वाटली.

तीन आठवड्यांनी मामाचा धाकटा मुलगा, नववीतला, संध्याकाळी कोणाला न सांगता त्याच डोंगरावर गेला. हातात कोयता, खिशात लायटर. पाण्याची बाटली नाही, कारण दादाने कुठे नेली होती? मोबाइल घरी ठेवला, कारण एकट्याने राहायचं तर तो न्यायचा नसतो. अंधार पडल्यावर जांभ्या दगडाच्या एका उतारावर त्याचा पाय सरकला आणि घोटा मोडला. मार्चचे दिवस होते. काजूचा हंगाम म्हणून जवळच्या भट्टीवर माणसं होती. साडेदहाच्या सुमारास त्यांनी त्याचं ओरडणं ऐकलं आणि त्याला उचलून खाली आणलं. पावसाळा असता तर त्या डोंगरावर रात्री चिटपाखरू नसतं.

मी त्याला बघायला गेलो तेव्हा पायाला प्लास्टर होतं. तो मला म्हणाला, "दादा, मी सगळं व्हिडिओत होतं तसंच केलं." या वाक्याने माझी झोप गेली. कारण त्याचं बरोबर होतं. त्याने जे दिसत होतं त्याचीच नक्कल केली होती. जे दिसत नव्हतं त्याची नक्कल तो कशी करणार?

मामाने मग तो व्हिडिओ माझ्यासमोर पुन्हा लावला. आम्ही त्याच्याच घरी झोपलो होतो, तेव्हा त्याला सगळं माहीतच होतं. पण तो म्हणाला, "म्हाका कळपाची गरज ना. उदकूच सांगता." आणि त्याने कॅलेंडर काढलं.

त्याचा हिशोब मी जसाच्या तसा मांडतो, कारण किनाऱ्यावरच्या कुठल्याही व्हिडिओला तो लावता येतो. कोकणपट्टीत मासेमारी करणारी माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येतो तितक्या वाजता, सकाळी आणि संध्याकाळी, पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी. यामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. तिथी एकाने वाढली की भरती पाऊण तासाने पुढे जाते.

आमचा तो रविवार शुद्ध अष्टमीचा होता. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आमच्या भागात भरती या हिशोबापेक्षा थोडी आधी येते असं मामा म्हणतो. म्हणून पाच धरा. तरी सात वाजता पाणी अजून बरंच वर असणार. आणि व्हिडिओत तर मुखाजवळचा वाळूचा पट्टा पूर्ण उघडा पडलेला, मित्र गुडघे टेकून तिसऱ्या काढतोय. "हो फांतोडचो वेळ न्हय," मामा म्हणाला, "दनपारचो."

मग त्याने सावलीवर बोट ठेवलं. फेब्रुवारीत सकाळी सातला आपल्याकडे सूर्य नुकता वर येत असतो. सपाट जागी तेव्हा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या कितीतरी पट लांब पडते, आणि त्या किनाऱ्यावर तर पूर्वेला डोंगर असल्यामुळे ऊन पोचलेलंच नसतं. व्हिडिओत मित्र उभा राहतो तेव्हा सावली त्याच्या उंचीच्या जेमतेम निम्मी आहे. ती भर दुपारची सावली. पाणीही दुपार सांगत होतं, ऊनही दुपार सांगत होतं.

चंद्राचं तर त्याने हसूनच सांगितलं. शुद्ध अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे मावळतो. पहाटे चारला तो आकाशात असूच शकत नाही. वद्य अष्टमी असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो मध्यरात्रीच उगवतो. पण कॅलेंडरवर शुद्ध लिहिलं होतं.

या हिशोबाला मर्यादा आहे, ती मामानेच सांगितली. पाऊणपटीचा नियम ढोबळ आहे. तो तासाभराने इकडेतिकडे होतो. नदीच्या आत जितकं जावं तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून कोणी अर्ध्या तासाचं खोटं बोललं तर याने पकडता येणार नाही, आणि एका अंदाजावरून कोणाला खोटारडा म्हणू नये. पण पाच-सहा तासांची तफावत असेल, आणि पाणी, सावली, चंद्र अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी एकच उत्तर देत असतील, तर ते उत्तर मानावं लागतं. पुण्याच्या प्रकरणातही असंच झालं. नुसत्या बुटांवरून काही सिद्ध झालं नसतं. बूट, वेळ आणि मूळ फोटोचा मालक, तिन्ही एकाच दिशेला गेले.

आता माझं मत. लोक म्हणतात, मनोरंजन आहे, एवढं मनावर कशाला घ्यायचं? नाटकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठतो, हे आपल्याला ठाऊकच असतं. मान्य. पण नाटक आपल्याला मरायला शिकवत नाही. हे कार्यक्रम मात्र 'रानात असं जगायचं' म्हणून शिकवतात, आणि शिकवताना खरा धडाच कापून टाकतात. ग्रिल्सच्या मागे टीम होती, दोर बांधून देणारा माणूस होता, डॉक्टर गाठता येत होता, रात्री छप्पर होतं. ही काही लाजेची गोष्ट नव्हे. रानात जिवंत राहण्याची सगळ्यात चांगली पद्धत तीच तर आहे: कोणाला तरी सांगून जा, सोबत असू दे, पाणी असू दे, परतीची वाट ठरलेली असू दे. आमच्या व्हिडिओतही जगण्याची खरी साधनं म्हणजे स्कूटर, चार लिटर पाणी, दहा मिनिटांवरचं घर आणि मी. आम्ही नेमकी तीच साधनं लपवली आणि कोयता दाखवला.

आमचा पुढचा बेत काय होता, तेही सांगून टाकतो. डिचोलीकडे बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर तराफा सोडायचा, ग्रिल्ससारखा. हिरवंगार पाणी, भोवती लाल कडा, व्हिडिओत ते रानातल्या तळ्यासारखंच दिसलं असतं. डिचोलीच्या एका मैत्रिणीने आम्हाला विचारलं, "बाहेर कसे येणार?" खाणीच्या खड्ड्याला नदीसारखा उतरता काठ नसतो. पायऱ्यांसारखे कापलेले उभे कडे पाण्याखाली जातात, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर तळ नाही. वरची माती सुटी असते, धरायला गेलं की हातात येते. तराफा उलटला तर पोहता येणारा माणूसही काठाशी पोचून वर चढू शकत नाही. ग्रिल्सचा तराफा आधी टीमने बांधून पाहिला होता, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर निदान प्रश्न पडला असता की आमचा तराफा आधी कोण तपासणार.

म्हणून माझी एक छोटी मागणी आहे. आपल्या मंडळाच्या या अंकात आणि कॉलेजच्या ग्रुपवर रानाचे, डोंगराचे, धबधब्यांचे अनुभव आणि व्हिडिओ येतात. ते यावेत. पण प्रत्येकाच्या खाली लिहिणाऱ्याने किंवा करणाऱ्याने चार गोष्टी स्वतःहून लिहाव्यात: सोबत कोण होतं आणि कॅमेरा कोणी धरला, प्रत्यक्ष किती तास तिथे होतो, बरोबर पाणी आणि सामान किती होतं, आणि सगळ्यात जवळची वस्ती किती अंतरावर होती. यामुळे कोणाचं धाडस कमी होत नाही. स्ट्राउडने सॅटेलाइट फोन दाखवला म्हणून त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही. आणि जो हे लिहायला तयार नाही त्याला वाचकांनी विचारावं. रागाने नको. कॉर्बेटच्या भागानंतर भाषेचा प्रश्न विचारला तसं साधं विचारावं.

मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, मग दोन दिवस बोलला नाही, आणि मग माझ्याबरोबर केरीला आला. मामाच्या मुलाशेजारी बसून आम्ही व्हिडिओच्या खाली नव्या ओळी लिहिल्या. त्याच इथे देतो.

एकटा नव्हतो, दोघे होतो. कॅमेरा दुसऱ्याने धरला होता. चोवीस नाही, अकरा तास. रात्री घरी झोपलो. पाणी चार लिटर, त्यातलं एक थेंबही उरलं नाही. घर दहा मिनिटांवर. 'सकाळी 7' लिहिलेलं दृश्य दुपारी बाराचं आहे, 'पहाटे 4' चा चंद्र रात्री दहाचा.

ओळी वाचून मामाचा मुलगा म्हणाला, "हे आधी लिहिलं असतं तर मी पाणी नेलं असतं."